एजन्सीमार्फत कामाला आहात? कंपनी देते किती, तुमच्या हातात येतात किती आणि मधले जातात कुठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान, कुठंही जा, गेटच्या आत काम करणाऱ्या निम्म्या लोकांच्या आयकार्डवर कंपनीचं नाव मोठं आणि एजन्सीचं नाव खाली बारीक असते. मी बरीच वर्षं एका मॅनपॉवर एजन्सीत बिलिंग पाहिलं, म्हणजे कंपनीला जाणारं बिल आणि पोरांच्या खात्यात जाणारा पगार, दोन्ही शीट एकाच टेबलावर. लोकं जे प्रश्न नेहमी विचारतात ते इथं एकत्र करून ठेवतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे म्हणजे आकडे डोक्यात राहतील.

कंपनी माझ्यामागे एजन्सीला नेमके किती पैसे देते?

समजा बुटीबोरीत एका कारखान्यात तुम्ही आयटीआय करून मशीन ऑपरेटर म्हणून लागलात, ग्रॉस ठरला १८,०००. त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,००० आणि घरभाडं ३,०००. आता एजन्सी कंपनीला जे बिल लावते ते साधारण असं असते:

ग्रॉस पगार: १८,०००
कंपनीच्या बाजूचा पीएफ, १५,००० वर १३ टक्के: १,९५०
कंपनीच्या बाजूचं ईएसआय, १८,००० वर ३.२५ टक्के: ५८५
बोनस, बेसिकवर ८.३३ टक्के: १,२५०
रजेचे पैसे, महिन्याला सव्वा दिवस: ८६५
इथपर्यंत झाले २२,६५०
सर्व्हिस चार्ज, त्यावर ६ टक्के: १,३५९
एकूण २४,००९, आणि त्यावर जीएसटी १८ टक्के म्हणजे ४,३२२
बिलाचा आकडा: २८,३३१

काही बिलांत ग्रॅच्युइटीची अजून एक ओळ असते, बेसिकच्या ४.८१ टक्के, इथं हिशोब सोपा राहावा म्हणून ती सोडली.

आणि तुमच्या खात्यात किती? १८,००० मधून तुमचा पीएफ १,८००, ईएसआय १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की १५,८६५. (फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० कटतो, आणि बायांना २५,००० पगारापर्यंत तो लागतच नाही, तरी स्लिपवर कटलेला दिसला तर तिथंच विचारा.)

म्हणजे २८ हजारातले साडेबारा हजार एजन्सीने खाल्ले?

नाही, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे, कुणीतरी बिल पाहते, मग व्हॉट्सॲपवर फिरते की "कंपनी २८ देऊन राहिली आपल्याला १६ बी नाही", आणि मग भांडण चुकीच्या जागी होते. फरक आहे १२,४६६ चा. त्यातला जीएसटी ४,३२२ सरकारकडे जातो आणि कारखाना तो सहसा इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळवतो, म्हणून तो कंपनीला खर्च वाटतच नाही. पीएफचे दोन्ही बाजूचे मिळून ३,७५० गेले, त्यातले ३,६०० तुमच्याच नावावर (काही पेन्शनमध्ये, काही खात्यात), १५० इन्शुरन्स आणि प्रशासकीय खर्चाचे. ईएसआयचे दोन्हीकडून ७२०. प्रोफेशनल टॅक्स २००. राहिले २,११५ बोनस-रजेचे आणि १,३५९ सर्व्हिस चार्जचे.

एजन्सीची उघड कमाई म्हणजे ते १,३५९. त्यातच तिचं ऑफिस, फिल्ड ऑफिसर, पेरोलचा माणूस आणि पैसे अडकण्याचं व्याज सगळं भागते. लक्ष ठेवायचं ते २,११५ वर, कारण हे पैसे तुमचे आहेत पण पडून आहेत एजन्सीच्या खात्यात. खाली येतोच त्यावर.

मग सर्व्हिस चार्ज माझ्या पगारातून जातो की कंपनी वेगळा देते?

कागदावर कंपनी वेगळा देते. स्लिपवर "सर्व्हिस चार्ज" म्हणून कटलेलं काही दिसलं तर ते चूक आहे, सरळ विचारा.

पण व्यवहारात जरा वेगळं आहे. कंपनीचा प्लँट हेड वर्षाच्या सुरुवातीला दर माणशी एक आकडा मंजूर करून घेतो, समजा २४,०००. त्याला याच्याशी घेणं नाही की आत काय काय आहे, त्याला २४ च्या वर जायचं नाही. आता एजन्सीने ६ च्या जागी १० टक्के मागितले तर ते जास्तीचे नऊशे-साडेनऊशे कुठून येणार? पीएफ-ईएसआयचे टक्के ठरलेले आहेत, तिथं हात लागत नाही, मग ग्रॉस खाली येतो. आणि ग्रॉस खाली आला की पीएफ, बोनस, ओटीचा रेट, सगळंच खाली येते. म्हणून कापलं काहीच नाही तरी मार्जिनचा भार तुमच्या पगारावर पडतोच, फक्त तो स्लिपवर दिसत नाही कारण तो तुम्ही लागायच्या आधीच ठरून गेला असतो.

आमची एजन्सी म्हणते आम्ही फक्त २ टक्के घेतो. म्हणजे चांगली ना?

उलट जास्त सांभाळून राहा.

हिशोब करून पाहा. २२,६५० वर २ टक्के म्हणजे ४५३ रुपये महिन्याला. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा हे कायद्याने ठरलेलं आहे, पण कंपनी बिलाचे पैसे देते ४५ दिवसांनी, कधी ६० ने. तोवर एजन्सी स्वतःच्या नाहीतर उधारीच्या पैशातून पगार करते. बाजारात दीड टक्का महिन्याने पैसा उचलला तरी ४५ दिवसांचं व्याज झालं ५१० रुपये. म्हणजे ४५३ मिळाले आणि व्याजातच ५१० गेले, अजून ऑफिसचं भाडं, फिल्ड ऑफिसरचं पेट्रोल सगळं बाकी आहे. तरी एजन्सी बंद पडत नाही, नवी बोलेरो येते, तर मग ती चालते कशावर?

चालते बोनस दाबून, रजा दाबून, ओटी अर्धा देऊन, हजेरीत दिवस मारून. सरकारी टेंडरमध्ये तर लोकं जवळपास शून्य टक्क्याने रेट भरतात, आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, म्हणून त्यालाच काम मिळते. शून्य टक्के लिहिणारा कुणाला दान करून नाही राहिला. माझं तरी मत हेच की ६-८ टक्के उघड घेणारी आणि बाकी सगळं पोचवणारी एजन्सी ही २ टक्केवाल्यापेक्षा तुमच्यासाठी स्वस्त पडते. मोठ्या, शेअर बाजारात असलेल्या स्टाफिंग कंपन्या जनरल कामाला माणशी महिन्याला काही शे रुपये घेऊनच चालतात हे खरं आहे, पण त्यांच्याकडे माणसं लाखांत असतात, कंपनीकडून वेळेवर पैसे काढायची ताकद असते. शंभर-दीडशे पोरांच्या लोकल एजन्सीला ते जमत नाही.

मला सांगितलं १८ हजार, हातात येतात १३ हजार. हे कसं?

इथं एकच प्रश्न विचारायचा: १८ म्हणजे ग्रॉस की सीटीसी?

ग्रॉस असेल तर तुमच्या वाट्याचेच कटणार आणि १५,८६५ यायला पाहिजेत. पण काही जण त्याच १८ मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,९५० आणि ईएसआय ५८५ पण कापतात. मग हातात राहतात १३,३३०. स्लिपवर ते कधी "पीएफ २" लिहितात, कधी "अदर डिडक्शन", कधी काहीच नाही. हे चालत नाही. पीएफच्या १९५२ च्या स्कीमचा परिच्छेद ३१ सरळ सांगतो की मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही, करारात उलट काही लिहिलं असलं तरी. ईएसआयचंही तसंच. गंमत पहा, कंपनीने ते २,५३५ बिलात वेगळे दिलेलेच आहेत, म्हणजे एकाच पीएफचे पैसे एजन्सी दोन्हीकडून घेऊन राहिली.

सीटीसी १८ असेल तर गोष्ट वेगळी. सीटीसीत मालकाचा वाटा आधीच धरलेला असतो आणि ग्रॉस तेवढा कमी निघतो, ते बेकायदेशीर नाही, फक्त इंटरव्ह्यूच्या वेळी "अठरा" म्हणून सांगितल्यामुळे फसल्यासारखं वाटते. एक अट मात्र आहे, तो निघालेला ग्रॉस तुमच्या कामाच्या किमान वेतनाच्या खाली जायला नको. आपल्या राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, त्यामुळे वर्षानुवर्ष एकच पगार चालू असेल तर नवा दर काढून पाहाच, बरेचदा तुम्ही नकळत खाली गेलेले असता.

बोनस आणि सुट्टीचे पैसे कुठं जातात?

वरच्या बिलात १,२५० आणि ८६५ होते ना, २,११५ महिन्याला. वर्षाचे २५,३८०. कंपनी ते दर महिन्याला एजन्सीला देते, एजन्सीने दिवाळीला बोनस आणि वर्षाच्या शेवटी किंवा सोडताना रजेचे पैसे द्यायचे असतात. आता पोरगा नऊ महिन्यांनी सोडून गेला. त्याच्या नावावर जमले १९,०३५. एजन्सी म्हणते "वर्ष पुरं झालं नाही, बोनस नाही बसत". हे खोटं आहे, वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर बोनसला पात्र, पगार २१,००० च्या आत असेल तर. (कायद्याने बोनस ७,००० किंवा तुमच्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त त्यावर काढतात, म्हणून बिलातल्या आकड्यापेक्षा थोडा कमी निघू शकतो.) पण पोरगा भांडायला येत नाही, पुण्याला निघून गेलेला असतो. ज्या एजन्सीत वर्षाला निम्मी पोरं बदलतात तिला हे पडून राहिलेले पैसेच सर्व्हिस चार्जपेक्षा जास्त पडतात.

एक बारकावा. सगळ्या करारांत असं नसते. काही कंपन्या बोनस आणि रजा "ॲक्च्युअल"वर ठेवतात, म्हणजे एजन्सीने आधी तुम्हाला द्यायचा, पुरावा लावायचा, मग बिल करायचं. तिथं दाबून ठेवायला काही उरतच नाही. म्हणून विचारायचं असं की "बोनस महिन्याच्या बिलात जातो की दिल्यावर क्लेम होतो?" हा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळते की याला बिल वाचता येते. आणि काही जण बोनस दर महिन्याला स्लिपवरच देतात, ॲडव्हान्स बोनस म्हणून, बदलीचं काम असेल तर मला तरी तेच बरं वाटते.

ओटीचे पैसे बरोबर आहेत हे कसं पाहायचं?

कारखान्यात ओटी दुप्पट रेटने असतो. तुमचा तासाचा रेट काढा: १८,००० भागिले २६, भागिले ८, म्हणजे साडेशहाऐंशी रुपये. दुप्पट केले की १७३. महिन्याला ३० तास ओटी केला तर ५,१९२ व्हायला पाहिजेत.

होते काय, कंपनी दुप्पटीने बिल घेते, कारण तिला ऑडिटला दाखवायचं असते, आणि एजन्सी तुम्हाला सिंगलने देते, २,५९६. उरलेले २,५९६ मध्येच राहतात, म्हणजे एका माणसामागे सर्व्हिस चार्जच्या जवळपास दुप्पट. काही ठिकाणी तर रोख पाकिटात देतात, स्लिपवर ओटीच नाही. पंचिंग मशीन कंपनीचं असते, एजन्सीचं नाही, हे लक्षात ठेवा. कंपनीच्या टाइम ऑफिसला तुमचे तास दिसतात आणि बिल त्यावरच होते. तुमचे तास स्वतः लिहून ठेवा आणि महिना संपला की टाइम ऑफिसात जाऊन "दादा माझे या महिन्यात ओटीचे तास किती लागले" एवढंच विचारा. तो सांगतोच, त्यात त्याचं काही जात नाही.

माझे चार दिवस खाडे झाले तर पगार जास्तच कटला. हे काय?

२६ आणि ३० चा खेळ आहे. कंपनी बिल करते तेव्हा १८,००० ला २६ ने भागते, २२ ड्युट्या भरल्या म्हणून १५,२३१ देते. एजन्सी तुमचा पगार काढताना ३० ने भागते आणि साप्ताहिक सुट्ट्या न धरता फक्त २२ ने गुणते, १३,२००. दोन हजार मध्येच गायब, आणि स्लिपवर "प्रेझेंट डेज २२" लिहिलेलं असते त्यामुळे सगळं बरोबर वाटते. ३० ने भागायचं असेल तर साप्ताहिक सुट्ट्याही मोजायच्या, नाहीतर २६ ने भागायचं. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नाही चालत.

स्वतः घरी बसून काय तपासता येते?

तीन कागद समोरासमोर ठेवा: सॅलरी स्लिप, बँकेची एंट्री आणि पीएफचं पासबुक. उमंग ॲपवर यूएएन टाकला की पासबुक निघते.

पासबुकात १५,००० बेसिकला तुमचे १,८००, मालकाचे ५५०, आणि पेन्शनचे १,२५० असं दिसायला पाहिजे. बरेच जण ५५० पाहून म्हणतात मालकाने अर्धाच भरला, तसं नाही, बाकीचे १,२५० पेन्शनच्या रकान्यात आहेत. पण तुमच्या नावासमोर १,८०० च्या जागी ९०० दिसले तर एजन्सी पीएफसाठी बेसिक ७,५०० दाखवून राहिली, आणि कंपनीकडून पूर्ण १३ टक्के घेऊन राहिली. महिनेच गायब असतील तर त्याहून वाईट, कापले पण भरलेच नाहीत.

पासबुकावर एस्टॅब्लिशमेंटचं नाव पण वाचा. आयकार्डवर एक एजन्सी, बँकेत पैसे टाकणारी दुसरी, पीएफ भरणारी तिसरी, असं असेल तर तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये एक नाही दोन जण बसले आहेत. मोठी एजन्सी पुण्या-मुंबईतून करार घेते आणि इथल्या लोकल माणसाला पुढे देते, वरची ३ टक्के ठेवते, खालच्याला उरलेल्यात भागवायचं असते. तो खालचा मग वरच्या प्रश्नांमधले सगळे उपाय करतो.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, त्यात बेसिक-डीए मुद्दाम कमी ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची पद्धत अडवली आहे. वगळलेले भत्ते एकूणच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेजेसमध्येच धरला जातो. तुमची स्लिप अजून बेसिक ६,००० आणि "स्पेशल अलाउन्स" १२,००० अशी असेल तर विचारायला आता चांगलं कारण आहे.

कामाला लागायच्या आधी एजन्सीला काय विचारू?

दहा प्रश्न विचारलेत तर तो वैतागेल आणि पुढचा नंबर बोलावेल, नागपुरात पोरांची कमी नाही हे त्याला बी माहीत आहे. म्हणून मोजकंच विचारा, आणि शक्यतो व्हॉट्सॲपवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहते. "सर, १८,००० ग्रॉस आहे की सीटीसी? इनहँड किती येईल? बोनस महिन्याला की दिवाळीला? ओटी सिंगल की डबल? पीएफ कोणत्या नावाने भरला जाईल?" एवढा एक मेसेज पुरतो.

उत्तर कसं येते ते पाहा. "इनहँड १५,८०० च्या आसपास" असा आकडा आला तर त्याने हिशोब केला आहे. "सगळं कंपनीच्या नियमाप्रमाणे, तुम्ही जॉईन तर व्हा" आलं तर त्याने हिशोब केला आहे पण तुम्हाला सांगायचा नाही. सर्व्हिस चार्ज किती हे विचारायला हरकत नाही पण तो सांगेलच असं नाही, ते दोन कंपन्यांमधलं गुपित समजतात. तुमच्या कामाचा आकडा बिलाचा नाहीच, कंपनीने मंजूर केलेला ग्रॉस किती हा आहे. तो कंपनीच्या सुपरवायझरला नाहीतर आधीपासून असलेल्या पोरांना माहीत असतो.

रजिस्ट्रेशन फी, ड्रेसचं डिपॉझिट, एटीएम कार्ड जमा करा, हे चालते का?

नाही. काम लावून द्यायचे पैसे कंपनी देते, तुम्ही नाही. आणि एटीएम कार्ड तर कुणालाच द्यायचं नाही, काही ठेकेदार पूर्ण पगार खात्यात टाकून कागद सरळ ठेवतात आणि मग कार्डाने हजार-दोन हजार परत काढतात. "सगळेच देतात" म्हणतील. देऊ नका.

कंपनीच्या एचआरला विचारलं तर ते म्हणतात तुमच्या एजन्सीला विचारा. खरंच त्यांची जबाबदारी नाही?

आहे. एजन्सीने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे कंपनीने द्यायचा आणि नंतर एजन्सीच्या बिलातून वसूल करायचा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होतं आणि नव्या कोडमध्येही आहे. पीएफ-ईएसआयचंही तसंच आहे, एजन्सीने भरलं नाही तर कंपनीच्या दारात नोटीस येते. म्हणून चांगल्या कंपन्या एजन्सीचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलन आणि नावांची यादी मागतात. तर एचआरला "मला न्याय द्या" असं म्हणू नका, असं म्हणा: "मॅडम, माझ्या स्लिपवर पीएफ १,८०० कटला पण पासबुकात तीन महिन्यांपासून आला नाही, सोबत स्क्रीनशॉट जोडला." मेल केला तर अजून चांगलं. हा मेल त्यांच्या ऑडिटला सापडला तर त्यांनाच उत्तर द्यावं लागते हे एचआरला चांगलं कळते.

एक गोष्ट: ठेका कामगारांचे खास नियम ५० किंवा जास्त ठेका कामगार असतील तिथंच लागतात. तुमच्या दुकानात बाराच जण असतील तर त्या नियमांचा आधार कमी, पण किमान वेतन आणि वेळेवर पगार हा हक्क तिथंही आहेच.

सरकारी ऑफिसात आउटसोर्सिंगवर आहे, तिथं काय?

तिथं तुम्हाला खासगीवाल्यांपेक्षा एक हत्यार जास्त आहे, माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागायचं: एजन्सीसोबतच्या कराराची प्रत, मंजूर दरपत्रक, मागच्या सहा महिन्यांच्या बिलांच्या प्रती आणि त्याला जोडलेली पीएफची चलनं. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असते. दरपत्रकात तुमच्या पदाचा ग्रॉस, सर्व्हिस चार्ज सगळं ओळीने लिहिलेलं असते आणि मग अंदाज लावायचं काम राहत नाही. तुमच्या नावाने अर्ज करायची भीती वाटत असेल तर घरातल्या कुणाच्या नावाने करा, चालते.

मिहानमध्ये आयटीत आहे, थर्ड पार्टी पेरोलवर. आमचंही हेच का?

थोडं वेगळं. तिथं बिल महिन्याच्या किंवा तासाच्या एकाच आकड्यात ठरते, आत ब्रेकअप नसतो, आणि तुमचा पगार जेवढा कमी ठरेल तेवढं मार्जिन एजन्सीचं. म्हणजे तुम्ही "सध्याचा पगार किती" या प्रश्नाला जे उत्तर देता त्यावरच त्यांची कमाई ठरते. म्हणून तिथं रेट वाढला तर मला त्यातलं किती मिळेल हे रिन्यूअलच्या आधी विचारायचं, कारण कंपनी वर्षाला रेट वाढवते आणि तुम्हाला सांगितलं जाते की क्लायंटने काही दिलं नाही. आणि कंपनीला तुम्हाला आपल्या रोलवर घ्यायचं असेल तर एजन्सी तिच्याकडून फी मागते, ती किती आणि किती महिन्यांनी माफ होते हे कंपनीच्या मॅनेजरकडूनच कळते. ते भांडण त्या दोघांचं आहे, त्याचे पैसे तुमच्या सेटलमेंटमधून नाही कापता येत.

तक्रार करायची तर कुठं?

पीएफचं असेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ते सोपं आहे, यूएएन असला की झालं. पगार, ओटी, बोनस यासाठी नागपूरचं कामगार आयुक्तांचं ऑफिस. रेल्वे, कोळसा खाण, बँक अशा ठिकाणी असाल तर राज्याचं नाही, केंद्राचं लेबर ऑफिस, तेही नागपुरातच आहे, चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की दोन महिने इकडून तिकडे जाण्यातच जातात. कमी मिळालेल्या पगाराचा दावा आता तीन वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून नोकरी चालू असताना भांडायचं नसेल तर कागद तरी जमा करत राहा. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सहा जणांनी सह्या करून दिलेला अर्ज लवकर हलतो, कारण एकाला काढून टाकणं सोपं असते, पूर्ण शिफ्टला नाही.

काम सोडलं, फुल अँड फायनल दोन महिन्यांनी देऊ म्हणतात.

नव्या वेज कोडप्रमाणे सोडल्यावर किंवा काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. बोनस त्यात धरलेला नाही, त्याची मुदत वेगळी, आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिने. म्हणून दोन्ही वेगळे मागा. राजीनामा मेलवर द्या, कंपनीच्या एचआरला कॉपी ठेवा, आणि त्याच मेलमध्ये लिहून टाका: राहिलेले इतके दिवसांचा पगार, इतके तास ओटी, शिल्लक रजा इतक्या, आणि या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचा बोनस कधी आणि कोणत्या खात्यात येणार ते कळवा. बँक खातं बंद करू नका आणि पीएफ काढायची घाई करायच्या आधी पासबुकात सोडल्याची तारीख बरोबर पडली का ते पाहून घ्या, ती चुकली की नवीन एजन्सीत दोन्ही नोंदी एकमेकांवर चढतात आणि क्लेम अडकतो.